जेवताना फुगणारी गाठ आणि लाळेच्या नळीतला खडा

वय 41. गेले आठ महिने जेवायला सुरुवात केली की उजव्या जबड्याखाली गाठ फुगते, ठणकते आणि तासा-दोन तासांत उतरते. दातांच्या डॉक्टरांनी दात ठीक आहेत म्हणून सांगितलं. सोनोग्राफीत लाळेच्या नळीत, ग्रंथीजवळ, 7 मिलिमीटरचा खडा निघाला. एक सर्जन म्हणतात ग्रंथीच काढावी लागेल, दुसरे डॉक्टर म्हणतात लिंबू चोखत राहा, पडून जाईल. नक्की काय करू?

लिंबू चोखून हा खडा पडणार नाही, आणि ग्रंथी काढण्यापर्यंत जायची वेळ बहुधा आलेली नाही. या दोन टोकांच्या मधे जे आहे त्यातलं काय तुम्हाला लागू पडेल, हे एका साध्या गोष्टीवर ठरतं: तोंडात बोट घातल्यावर खडा हाताला लागतो का? तुमच्या रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसणार, कारण सोनोग्राफी बाहेरून होते. म्हणून पहिला प्रश्न तुमच्या सर्जनना विचारा, ‘तुम्ही आतून चाचपून पाहिलं का?’ मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. वीसेक वर्षांत असे खडे मी बरेच काढले, आणि सुरुवातीच्या काळात ज्या काही ग्रंथी काढल्या त्यांपैकी काही आज काढल्या नसत्या. हे उत्तर लिहिताना ते डोक्यात आहे.

गाठ जेवतानाच का फुगते ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. जबड्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना अक्रोडाएवढी एकेक लाळग्रंथी असते. तिची नळी साधारण 5 सेंटिमीटर लांब. ती ग्रंथीतून निघते, तोंडाच्या तळाच्या स्नायूच्या मागच्या कडेला वळसा घालते आणि जिभेखालून पुढे येऊन खालच्या दातांच्या मागे, जिभेच्या दोरीच्या बाजूला उघडते. आरशासमोर जीभ वर उचललीत तर दोरीच्या दोन्ही बाजूंना बारीक फुगीर ठिपके दिसतील. तीच या नळ्यांची तोंडं. नळी आतून 2 ते 3 मिलिमीटर रुंद असते, पण तिचं तोंड जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटरचं. तुमचा 7 मिलिमीटरचा खडा तिथून आपोआप बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही. नळीच्या तोंडाशी आलेला दोन मिलिमीटरचा कण कधीकधी पाणी, मालिश आणि आंबट पदार्थांनी निघून जातो. तो सल्ला तशा कणासाठी ठीक आहे.

एरवी ग्रंथी थोडीथोडी लाळ सोडत असते आणि ती खड्याच्या कडेने झिरपत बाहेर येते, त्यामुळे तुम्हाला काही जाणवत नाही. घास तोंडात गेला, किंवा नुसता वास आला, की लाळ एकदम वाढते. खड्याच्या कडेची फट तेवढी लाळ वाहून नेऊ शकत नाही. लाळ मागे तुंबते, ग्रंथीचं बाहेरचं आवरण ताणलं जातं आणि ताणामुळे दुखतं. जेवण संपलं की लाळ कमी होते, साठलेली हळूहळू झिरपते आणि गाठ उतरते. खडा कसा अडकला आहे यावर ही वेळ वीस मिनिटं ते काही तास असते. म्हणूनच नळी पूर्ण बंद असताना लिंबू चोखलं तर आराम पडत नाही, उलट कळ वाढते. माझ्याकडे आलेल्या कित्येकांनी ‘लिंबू पाहिलं तरी दुखतं’ असं सांगितलं. ते शब्दशः खरं आहे.

खडे बहुतांश वेळा याच ग्रंथीत का होतात? लाळग्रंथींच्या दर दहा खड्यांपैकी आठ-नऊ इथेच सापडतात. कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीची लाळ पातळ असते. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ जास्त चिकट, जास्त अल्कधर्मी असते आणि तिच्यात कॅल्शियमही जास्त असतं. शिवाय ती लांब नळीतून चढावर वाहते. चिकट स्रावाचा किंवा झडलेल्या पेशींचा एखादा गोळा नळीत अडला की त्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे थर बसत जातात. खडा कापून पाहिला तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. त्याची वाढ सावकाश असते, त्यामुळे तुमचा 7 मिलिमीटरचा खडा बहुधा काही वर्षं तिथे असावा. तुम्हाला तो आठ महिन्यांपूर्वी कळला, एवढंच. आणि दूध सोडू नका. जेवणातल्या कॅल्शियमचा या खड्याशी संबंध नाही, रक्तातलं कॅल्शियमही सहसा नॉर्मल असतं. पाणी कमी पिणं, लाळ सुकवणारी औषधं (काही ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) आणि धूम्रपान यांवर लक्ष द्या. ‘मला मुतखडा आहे म्हणून हाही झाला का?’ असं बरेच जण विचारतात. दोघांचं कारण एकच असतं असं नाही.

आता शोधण्याबद्दल. सगळ्यात स्वस्त आणि अनेकदा सगळ्यात उपयोगी तपासणी म्हणजे दोन हातांनी चाचपणं. एका हाताचं हातमोजा घातलेलं बोट तोंडाच्या तळावर, दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली बाहेरून, आणि मधल्या मऊ भागावरून मागून पुढे हळूहळू सरकत यायचं. मागून पुढेच, कारण पुढून मागे ढकललं तर पुढचा खडा मागे ग्रंथीकडे सरकतो. खडा कडक लागतो, रुग्ण ‘इथेच’ म्हणतो. मग नळीच्या तोंडाकडे पाहत बाहेरून ग्रंथी हलकेच दाबायची. स्वच्छ लाळेचा थेंब येतो, काहीच येत नाही, की गढूळ येतं, यावरून बरंच समजतं. हे घरी थोडं करून पाहता येईल. स्वच्छ धुतलेलं बोट तोंडात घालून शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला, दुसरा हात बाहेर. न लागल्यास निराश होऊ नका, अनुभवी बोटालाही तो काही वेळा लागत नाही.

सोनोग्राफी पहिली, कारण तीत किरणोत्सर्ग नाही आणि ग्रंथी स्वतः कशी आहे तेही दिसतं. खडा पांढरा चमकतो आणि मागे काळी सावली पाडतो. पण तिच्या दोन उणिवा ध्यानात ठेवा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान खडा सुटू शकतो. आणि नळीचा अगदी पुढचा भाग जबड्याच्या हाडाच्या आडोशाला असल्यामुळे तिथला खडाही सुटू शकतो. फुगवटा आलेला असताना सोनोग्राफी केली, किंवा तपासणीच्या वेळी आंबट चोखायला देऊन नळी फुगवली, तर अडथळा कुठे आहे ते जास्त स्पष्ट दिसतं. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तो तोंडात फिल्म ठेवून काढलेला एक्स-रे पुढच्या खड्यासाठी छान. जबड्याखालचे बहुतांश खडे एक्स-रेत दिसतात, कानाखालचे पुष्कळदा दिसत नाहीत. तुमच्यासारख्या ग्रंथीजवळच्या खड्यासाठी मात्र मी शस्त्रक्रियेआधी बारीक कापांचा साधा सीटी स्कॅन करून घेतो, रक्तात औषध न टोचता. त्यात खडा एक आहे की दोन, नळीत आहे की ग्रंथीच्या आत शिरलेला, हे कळतं. एकाच रुग्णात एकापेक्षा जास्त खडे असणं काही दुर्मीळ नाही. पहिला काढून दुसरा राहिला, तर दोन आठवड्यांत गाठ परत फुगते आणि रुग्णाला वाटतं शस्त्रक्रिया फसली. एका अर्थाने फसलेलीच असते.

फुगणं-उतरणं हे जेवणाशी बांधलेलं आहे, हीच तुमच्या बाबतीत खड्याच्या बाजूची खूण. जेवणाशी संबंध नसलेली, न उतरणारी, हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ असेल तर खडा गृहीत धरू नये. तिथे सुईने पेशी काढून तपासतात. कारण त्याच जागी गाठीचे इतर आजार, सुजलेल्या लसिकाग्रंथीसकट, होतात. शिवाय तीच लक्षणं असून खडाच नाही, नळीच आकसलेली आहे, असंही निघतं.

काढण्याची पद्धत खड्याच्या जागेवरून ठरते, आकारावरून नंतर. खडा नळीच्या पुढच्या भागात, दातांच्या मागे बोटाला लागत असेल, तर ते काम छोटं. जागा बधिर करून, तोंडातूनच, वीस मिनिटांत. नळीवर लांबीच्या दिशेने चीर, खडा वर येतो, आणि नळीची कडा तोंडाच्या अस्तराला दोन-तीन बारीक टाक्यांनी शिवून तिथेच नवं, मोठं तोंड तयार होतं. नळी परत शिवून बंद करायची नसते, आकसते.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण त्यातून एक नेमकी गोष्ट शिकता येते. उमेदीच्या काळात एका रुग्णाचा खडा बोटाला नीट लागत होता. मी नळीचं तोंड रुंदावण्यासाठी धातूची सळई सरकवली आणि खडा मागे गेला. दोन मिनिटं आधी जिभेखाली असलेला खडा ग्रंथीच्या दाराशी जाऊन बसला, आणि छोटं काम तिथेच थांबवावं लागलं. त्यांना नंतर भूल देऊन परत घ्यावं लागलं. तेव्हापासून चीर देण्याआधी खड्याच्या मागे नळीखालून एक टाका ओढून घेतो. टाका वर उचलून धरला की खडा मागे पळू शकत नाही. तुमच्या सर्जनना ‘खडा मागे सरकला तर?’ असं विचाराल, तर त्यांच्या उत्तरात या टाक्याचा उल्लेख यायला हवा.

तुमच्यासारखा मागे, ग्रंथीच्या दाराशी असलेला खडा ही वेगळी गोष्ट. पूर्वी अशा खड्यासाठी ग्रंथी काढणं ही सरधोपट वाट होती. समज असा होता की खड्याने ग्रंथी निकामी झालेली असते. प्रत्यक्षात अडथळा दूर झाला की बहुतेक ग्रंथी बऱ्यापैकी कामाला लागतात, वर्षानुवर्षं खडा राहिलेल्याही. एवढं कळल्यावर ग्रंथी वाचवायचा कल वाढला.

उदाहरण देतो. साधारण तुमच्याच वयाच्या एक शिक्षिका, वर्षभर जेवताना डावीकडे फुगायचं, दोनदा संसर्ग होऊन प्रतिजैविकं घ्यावी लागली होती. सोनोग्राफीत 9 मिलिमीटरचा खडा ग्रंथीच्या दाराशी, नळी त्याच्या मागे फुगलेली. बाईंच्या हातात ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख होती. मी चाचपलं तेव्हा आधी काही लागलं नाही. मग बाहेरच्या बोटांनी ग्रंथी वर उचलून धरली, आणि शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला, खोल, टणक काहीतरी लागलं. हे ‘लागणं’च निर्णायक. सीटी स्कॅनमध्ये एकच खडा, ग्रंथीच्या बाहेरच्या अंगाला, नळीच्या वळणाशी. पूर्ण भूल देऊन तोंडातूनच काढायचं ठरलं. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की आत गेल्यावर जमलं नाही तर थांबू, ग्रंथी काढायची वेगळी परवानगी घेऊनच ठेवू, पण त्या दिवशी लगेच काढणार नाही.

तिथली अवघड जागा म्हणजे जिभेची चेतातंतू. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची संवेदना आणि चवीची जाणीव तिच्यातून जाते, आणि ती नळीच्या खालून वळण घेऊन आडवी जाते, नेमकी मागच्या दाढेच्या आसपास. म्हणून आधी नळी पुढून मागे सुट्टी करत जायचं, चेतातंतू डोळ्यांनी पाहायची, हलकेच बाजूला घ्यायची आणि मगच खड्यावर चीर. सहाय्यकाचा हात बाहेरून ग्रंथी वर ढकलत राहतो, तो हात नसेल तर खडा आत बुडतो. खडा अखंड निघाला. पाठोपाठ गढूळ, तंतुमय लाळ आली. नळी खारट पाण्याने धुतली, पुढे दुसरा खडा नाही ना हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरी. जिभेच्या त्या बाजूला तीन आठवडे मुंग्या येत होत्या, मग गेल्या. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत नळीची फुगण उतरलेली आणि ग्रंथी उजवीसारखीच दिसत होती. आता विचाराल, सगळ्यांना असंच होतं का? नाही. जिभेच्या बधिरपणाचा धोका या शस्त्रक्रियेत खरा आहे. बहुधा तो तात्पुरता असतो, कायमचा क्वचित, पण तो तुम्हाला सांगितल्याशिवाय कोणी परवानगी घेऊ नये. नळी नंतर आकसून पुन्हा फुगणं, किंवा तोंडाच्या तळाला लाळेची पिशवी तयार होणं, हेही होऊ शकतं.

आता दुर्बिणीबद्दल, कारण तुम्हीही इंटरनेटवर ते वाचलं असेल. सायलेंडोस्कोपी म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची दुर्बीण नळीच्या तोंडातून आत सरकवणं. नळीचं तोंड सळईने हळूहळू रुंदावून घ्यायचं, मिठाच्या पाण्याने नळी फुगवत आत पाहत जायचं. लहान, मोकळा हलणारा खडा असेल तर बारीक तारेच्या टोपलीत पकडून बाहेर. जबड्याखाली साधारण 4 मिलिमीटरपर्यंत, कानाखाली 3 पर्यंत ही पद्धत फार सुंदर चालते. तुमचा खडा 7 चा. टोपलीत तो पकडला तरी बाहेर येताना अडकेल, आणि अडकलेली टोपली सोडवणं हे त्रासदायक काम असतं. म्हणून इतक्या खड्यासाठी दुर्बिणीतून लेसरने तुकडे करावे लागतात आणि तुकडे एकेक काढावे लागतात. वेळ लागतो, नळीला उष्णतेने इजा होऊ नये म्हणून सतत पाणी सोडत राहावं लागतं, आणि सगळे तुकडे एका बैठकीत निघतीलच असं नाही. हाताला लागणाऱ्या खड्यासाठी मला तोंडातून काढणंच जास्त स्वच्छ वाटतं. दुर्बिणीचा खरा उपयोग अशा वेळी शेवटी होतो: मोठा खडा निघाल्यावर आत डोकावून उरलेले कण किंवा नळीचा आकसलेला भाग दिसतो. अर्थात दुर्बीण आहे आणि सर्जनचा हात त्यात बसलेला आहे असं दोन्ही असेल, तर वेगळा क्रमही चालेल.

बाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडण्याची पद्धतही आहे. मुतखड्यासाठी निघालेली ही कल्पना 1980 च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या एर्लांगनच्या सर्जनांनी लाळेच्या खड्यांवर वापरायला सुरुवात केली. भूल लागत नाही, अनेक बैठका लागतात, तुकडे आपोआप पडायची वाट पाहावी लागते, आणि त्यासाठीची यंत्रं मोजक्याच ठिकाणी असतात. कानाखालच्या खड्यात ती जास्त उपयोगी ठरली.

ग्रंथी काढणं मग कधी? खडा ग्रंथीच्या आत खोल आहे आणि कुठूनही हाताला लागत नाही, खूप खडे आहेत, ग्रंथी वारंवार पिकून कडक, आकसलेली झाली आहे, किंवा वरचे मार्ग करून पाहिले आणि उपयोग झाला नाही. ही वाईट शस्त्रक्रिया नाही, नीट केली तर त्रास कायमचा संपतो आणि तोंडही सहसा कोरडं पडत नाही, कारण बाकीच्या ग्रंथी भरून काढतात. पण चीर मानेवर पडते. जबड्याच्या कडेच्या दोन बोटं खाली ती देतात, कारण खालचा ओठ हलवणारी चेतातंतू तिथल्या कडेने जाते. ती दुखावली तर हसताना ओठ तिरका होतो. जिभेच्या दोन चेतातंतूही तिथेच. म्हणून कारण पक्कं असल्याशिवाय तिथे जाऊ नये.

तुम्ही ताबडतोब जायला हवं अशी एक परिस्थिती सांगतो. गाठ जेवणानंतर उतरलीच नाही, ताप आला, नळीच्या तोंडातून पू येतो, तर ग्रंथीत संसर्ग झाला आहे. तेव्हा प्रतिजैविकं आणि कोमट शेक देऊन आधी संसर्ग शांत करतात, खड्याची मोठी शस्त्रक्रिया दोन-तीन आठवड्यांनी. प्रतिजैविक खडा विरघळवत नाही, त्यामुळे गाठ उतरल्यावर तारीख पुढे ढकलू नका. आणि जीभ वर उचलली जाऊन तोंडाचा तळ दगडासारखा कडक झाला, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, बोलताना आवाज बदलला किंवा दम लागू लागला, तर रात्र असो की दिवस, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. तोंडाच्या तळातला संसर्ग श्वासनलिकेवर दाब आणू शकतो.

तुमच्यासाठी पुढची पावलं अशी. तोवर भरपूर पाणी, जेवणाआधी ग्रंथीवर कोमट शेक, जेवण झाल्यावर बाहेरून मागून पुढे हलकी मालिश. आंबट चोखणं फक्त गाठ उतरलेली असताना, कळ असताना नाही. मग तोंडातून खडे काढण्याचं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडे, सीटी स्कॅन घेऊन. त्यांना तीन प्रश्न: खडा तुमच्या बोटाला लागतो का, एकच आहे का, आणि तोंडातून काढायचा ठरलं व जमलं नाही तर त्याच दिवशी ग्रंथी काढणार की आधी विचारणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच परवानगीच्या कागदावर सही करा, आणि कागदावर ‘ग्रंथी काढणे’ हे शब्द असतील तर ते कोणत्या अटीवर आहेत हे त्यांच्याकडून तिथेच लिहून घ्या.